टॅग आत, लेहेंगा परत!

लग्नसराईत शनिवारी संध्याकाळी चऱ्होलीतून आळंदीकडे गाडी काढून बघा. आळंदीत मंगल कार्यालयांची रांगच रांग, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये निम्मं वऱ्हाडच भेटतं. आणि त्या वऱ्हाडातल्या एखादीच्या लेहेंग्यात, पाठीला टोचत, एक टॅग लपलेला असतो. कापलेला नाही, नीट आत खोचलेला. सोमवारी पिकअपवाला येणार, लेहेंगा परत, पैसे अकाउंटला जमा. कारण? 'साइज बसली नाही'. झालं!

वापरून परत करण्याच्या या फंड्याला रिटेलवाले 'वॉर्डरोबिंग' म्हणतात. म्हणजे दुकानालाच आपलं कपाट समजायचं. यात बूट येतात, ब्लेझर येतात, इंटरव्ह्यूपुरते घेतलेले फॉर्मल्सही येतात.

चऱ्होलीतल्या एका सोसायटीत राहणारी माझी मैत्रीण ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका कंपनीत हेच काम करते. ग्राहकांची रिटर्न हिस्टरी वाचायची आणि कोण मुद्दाम करतंय ते शोधायचं. मला वाटलं, सोप्पंय की! जो जास्त परत करतो, तो लबाड. ती हसली आणि चहाच्या टेबलावर टिश्यू पेपर पुढे ओढला. "हे दोन ग्राहक समज. दोघींनी वर्षभरात २० वस्तू मागवल्या, १२ परत केल्या. दोघींची टक्केवारी ६०. आता सांग, लबाड कोण?"

टक्केवारीत काही नाही

पहिलीची यादी अशी. ठेवलेल्या ८ वस्तू म्हणजे लेगिंग्ज, टी-शर्ट, मोजे. परत केलेल्या १२ पैकी ९ समारंभाचे कपडे, प्रत्येकी चार हजारांच्या वरचे. गंमत म्हणजे तिने वर्षभरात समारंभाचे कपडे मागवले तेच मुळी ९. एकही ठेवला नाही. ९ पैकी ७ वेळा पार्सल गुरुवारी किंवा शुक्रवारी पोचलं आणि रिटर्नची रिक्वेस्ट सोमवारी-मंगळवारी आली. प्रत्येक वेळी कारण साइज.

"आता खरी मेख बघ," मैत्रीण म्हणाली. "साइज चुकली तर तू काय करशील? दुसरी साइज मागवशील ना? हिने ९ पैकी एकदाही एक्स्चेंज केलं नाही. हिला बसणारी साइज जगात नाही, की हिला तो लेहेंगा फक्त शनिवारपुरताच हवा होता?"

दुसरीच्या २० वस्तू म्हणजे १० जोड्या. तोच शर्ट, एकदा मीडियम आणि एकदा लार्ज. आठ जोड्यांतला एकेक ठेवला, एकेक परत. दोन जोड्या आवडल्याच नाहीत, म्हणून चारही परत. एकूण १२. आणि सगळं पार्सल आलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परत. कंपनीला जाण्यायेण्याचा खर्च पडतो, हे खरं. पण हिने घरालाच ट्रायल रूम केलंय, एवढंच. कपडा घडी न मोडता परत येतो आणि नवा म्हणून पुन्हा विकला जातो. हिला लबाड ठरवलं तर कंपनी एक बरी गिऱ्हाईक गमावणार.

आणि जिने दोनच वस्तू मागवल्या आणि दोन्ही परत केल्या, ती? टक्केवारी शंभर, पण त्यावरून काहीच कळत नाही. एवढ्या छोट्या आकड्यावर शिक्का मारायचा नसतो. एकाच अकाउंटवरून आई, बहीण, रूममेट सगळ्याच शॉपिंग करत असतील, तर तो इतिहास एका माणसाचा नसतोच.

गोदामातलं टेबल

पण पहिलीचीही नुसती यादी म्हणजे संशय. पुरावा मिळतो गोदामात, परत आलेला माल तपासायच्या टेबलावर. काखेत डिओचा पांढरा डाग, कॉलरला फाउंडेशन, ओढणीला हळद, परफ्युमचा वास, बुटाच्या तळव्यावर घासल्याच्या खुणा, टॅगचा दोरा कापून पुन्हा बांधलेला. तपासणारा 'वापरलेलं' अशी नोंद करतो आणि ती ग्राहकाच्या खात्यावर चढते. अशा नोंदी दोन-तीन झाल्या की रिटर्नचे दरवाजे हळूहळू बंद.

"आणि इथेच घोळ होतो," ती म्हणाली. "माझाच झाला!"

मागच्या दिवाळीत तिने दुसऱ्याच एका साइटवरून कुर्ता मागवला. उघडला तर परफ्युमचा वास आणि गळ्याला मेकअप. तिने 'वापरलेला माल आला' असं कारण देऊन परत पाठवला. गोदामात काय झालं असेल? तपासणाऱ्याला डाग दिसला, त्याने 'वापरलेलं' लिहिलं. नाव कोणाचं? हिचं! पुढच्या ऑर्डरला तिला रिटर्नचा पर्यायच दिसेना. लबाड पकडण्याचा पगार घेणारी बाई स्वतः लबाडांच्या यादीत!

खरी वापरणारी होती तिच्या आधीची कोणीतरी. तिचा कुर्ता दिवाळीच्या गर्दीत घाईघाईत तपासून 'ओके' झाला आणि पुढे विकला गेला. ग्राहकाचा इतिहास वाचणाऱ्यांनी कुर्त्याचा इतिहास वाचलाच नाही.

त्या दिवसापासून तिच्या टीमचा नियम बदलला. डाग सापडला की आधी बघायचं, हा नग याआधी परत आलाय का? पहिल्याच फेरीत डाग असेल, तर संशय पक्का. दुसरी-तिसरी फेरी असेल, तर शेवटच्या ग्राहकावर आपोआप शिक्का नाही. अडचण एकच. त्यासाठी प्रत्येक नगाचा वेगळा बारकोड लागतो. जिथे एका डिझाइनच्या एका साइजला मिळून एकच बारकोड असतो, तिथे हाच कुर्ता आधी कोणाकडे होता हे कळायला मार्गच नसतो.

मग आपण काय करायचं?

अमेरिकेत 'द रिटेल इक्वेशन' नावाची कंपनी अनेक दुकानांसाठी ग्राहकांच्या रिटर्नवर नजर ठेवते. २०१८ मध्ये 'बेस्ट बाय'च्या काही ग्राहकांचे रिटर्न त्यावरून अडवल्याची बरीच चर्चा झाली. तिथे निदान आपला रिपोर्ट मागवता येतो. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा वर्णनापेक्षा वेगळा असेल, तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. तुमची हिस्टरी कशीही असो! पण माल सदोष आला होता, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

म्हणून मैत्रिणीचा सल्ला साधा आहे. महागडं पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, टॅग आणि कॉलर दिसेल असा. कारण खरं तेच निवडा. डाग असताना घाईत 'साइज' टिक केलंत, तर तो डाग तुमचाच ठरतो. साइजच चुकली असेल, तर एक्स्चेंज मागा. आणि रिटर्न अडलाच, तर कोणत्या ऑर्डरमुळे अडला हे लेखी विचारा.

तिने विचारलं. दोन आठवडे ईमेल केल्यावर तो शिक्का निघाला, कारण उघडताना काढलेला फोटो तिच्याकडे होता.

परवा ती एका लग्नाला आळंदीला भेटली. झक्कास लेहेंगा. मी मुद्दाम पाठीवर हात फिरवून बघितला. टॅग नव्हता!