ट्रिपल-डबलचा भाव आणि गुणाकाराची फसगत

अमेरिकेतील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली क्रीडासट्ट्यावरील देशव्यापी बंदी रद्द ठरविली आणि तेव्हापासून तिकडे एकेका खेळाडूवर लागणाऱ्या पैजांना मोठेच उधाण आले. अमक्या खेळाडूचा आज ‘डबल-डबल’ होईल का, ‘ट्रिपल-डबल’ होईल का, ही त्यांतली लोकप्रिय पैज. गुण, रिबाउंड, असिस्ट, चेंडूची चोरी आणि ब्लॉक या पाच रकान्यांपैकी दोन रकान्यांत दहा किंवा अधिक आकडा आला की डबल-डबल, तिनांत आला की ट्रिपल-डबल. व्यवहारात प्रश्न बहुधा पहिल्या तिनांचाच असतो. (अपवाद म्हणून ड्रेमंड ग्रीनची २०१७ च्या फेब्रुवारीतील कामगिरी लक्षात ठेवावी. गुण अवघे चार, पण रिबाउंड, असिस्ट आणि चोऱ्या मिळून ट्रिपल-डबल पुरा!)

पैज लावणे शहाणपणाचे की नाही, हा वाद येथे नको. माझा वाद आहे तो तिचा भाव ज्या रीतीने काढला जातो तिच्याशी. दहा रिबाउंड मिळण्याची शक्यता काढायची, दहा असिस्टची काढायची, दोहोंचा गुणाकार करायचा आणि मोकळे व्हायचे, ही रीत दिसायला सोज्वळ आहे. पण नाण्याच्या दोन फेकींना जे लागू पडते ते एकाच माणसाच्या एकाच रात्रीतल्या दोन आकड्यांना लागू पडत नाही. या दोन आकड्यांचे मूळ एक आहे. ते म्हणजे मैदानावर काढलेली मिनिटे.

एक कल्पित खेळाडू घेऊ. तो इतके गुण करतो की दहा गुणांची अट रोजच पुरी होते असे समजू. दहांपैकी सात रात्री तो ३७ मिनिटे खेळतो. उरलेल्या तीन रात्री सामना एकतर्फी होतो, किंवा त्याच्या फाउल्स लवकर वाढतात, आणि तो २८ मिनिटांतच बाकावर जाऊन बसतो. पुऱ्या रात्री त्याची सरासरी साडेदहा रिबाउंड आणि साडेनऊ असिस्ट; आखूड रात्री हेच आकडे मिनिटांच्या प्रमाणात घटून सुमारे आठ आणि सात. दुर्मिळ घटनांच्या मोजणीसाठी संख्याशास्त्रात जे प्वासाँचे वितरण वापरतात ते येथे कामचलाऊ म्हणून घेतले, तर पुऱ्या रात्री दहा रिबाउंडची शक्यता ६० टक्के व दहा असिस्टची ४८ टक्के येते. आखूड रात्री त्याच शक्यता २८ आणि १९ टक्क्यांवर उतरतात.

सर्व रात्रींची सरासरी धरली तर रिबाउंडचे ५०.४ टक्के आणि असिस्टचे ३९.३ टक्के होतात. गुणाकारवाला यावरून ट्रिपल-डबलची शक्यता १९.८ टक्के काढील आणि म्हणेल, रुपयाला ५.०५ रुपये हा रास्त भाव. आता हेच नीट करून पाहू. गुणाकार करायचाच तर तो प्रत्येक प्रकारच्या रात्रीच्या आत करावा, आणि मग रात्रींच्या प्रमाणात बेरीज घ्यावी. पुऱ्या रात्री ६० गुणिले ४८, म्हणजे २८.८ टक्के, आखूड रात्री जेमतेम ५.३ टक्के. सात-तीनच्या प्रमाणात मिसळले की उत्तर येते २१.८ टक्के, म्हणजे रास्त भाव ४.६०. दोन टक्के हा फरक किरकोळ वाटेल, पण भावात तो जवळजवळ अर्ध्या रुपयाचा आहे.

खरी गंमत पुढे आहे. हाच खेळाडू, हीच रात्र, पण पैज डबल-डबलची. गुण ठरलेलेच असल्यामुळे आता रिबाउंड किंवा असिस्ट, कुठलेही एक दहावर गेले की पुरे. येथे दोन्ही शक्यतांची बेरीज करून, दोन्ही एकदम घडण्याची शक्यता त्यातून वजा करावी लागते. नाहीतर त्या रात्री दोनदा मोजल्या जातात. गुणाकारवाल्याची वजाबाकी १९.८ ची, म्हणून त्याचे उत्तर ६९.९ टक्के. खरी वजाबाकी २१.८ ची, म्हणून खरे उत्तर ६७.९ टक्के. म्हणजे जो परस्परसंबंध ट्रिपल-डबल वाढवितो तोच डबल-डबल घटवितो! चांगल्या गोष्टी एकाच रात्री गर्दी करतात, म्हणून रिकाम्या रात्रीही जास्त उरतात.

आता समजा, सट्टेवाल्याने ट्रिपल-डबलला ४.८० आणि डबल-डबलला १.४५ भाव दिला. गुणाकारवाल्याच्या हिशेबी पहिला महाग, कारण त्याला ५.०५ हवेत, आणि दुसरा स्वस्त, कारण त्याच्या मते १.४३ पुरे. वास्तविक दुसऱ्याला १.४७ हवे होते. तेव्हा हा गृहस्थ जेथे घ्यायचे तेथे सोडतो आणि जेथे सोडायचे तेथे घेतो. नुसत्या चुकीपेक्षा ही उलटी चूक मला अधिक गंभीर वाटते.

हा संबंध खेळाडूच्या नोंदींवरून ताडता येतो का? येतो, पण अर्धवट. दहा रिबाउंडच्या रात्री वेगळ्या काढाव्यात आणि त्यांत दहा असिस्टच्या किती ते पाहावे. आपल्या खेळाडूच्या बाबतीत ते प्रमाण ४३ टक्के येईल, उरलेल्या रात्रींत ३५ टक्के. पण ऐंशी सामन्यांच्या मोसमात हा फरक चाळिसांत सतरा आणि चाळिसांत चौदा इतकाच दिसणार. तीन रात्रींचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. म्हणून एका मोसमाच्या ट्रिपल-डबलांची मोजदाद करून भाव ठरविणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मिनिटांचा अंदाज वेगळा बांधावा, दर मिनिटाचा वेग वेगळा काढावा, आणि गणकयंत्रावर दहा हजार रात्री खेळवून किती जमल्या ते मोजावे, हा मार्ग लांबचा असला तरी भरवशाचा.

भरवशाचा म्हटले, तरी त्यालाही मर्यादा आहे. रसेल वेस्टब्रुकने २०१६-१७ च्या मोसमात सरासरीच ट्रिपल-डबलची राखली: ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट. ८१ सामन्यांत त्याचे ट्रिपल-डबल झाले ४२. सरासरी दहाच्या वर असूनही जवळजवळ निम्म्या रात्री हुकल्या, हे एक. दुसरे असे की, वरचाच प्वासाँ आणि साधा गुणाकार लावला तर शक्यता ३७ टक्के, म्हणजे अपेक्षित आकडा फक्त ३० येतो. बारा सामन्यांचे हे अंतर नशिबाच्या खाती टाकण्याजोगे नाही. मिनिटांनी त्यातले काही भरून निघेल, सगळे नव्हे.

उरलेले कारण माणसाच्या स्वभावात आहे. नऊ रिबाउंड झालेला खेळाडू दहाव्यासाठी धावतो. प्रतिस्पर्ध्याची फ्री-थ्रो चुकली की वेस्टब्रुकचे सहकारी चेंडू त्याच्यासाठी सोडून देतात, अशी टीका त्या मोसमात वारंवार झाली. अशा खेळाडूच्या आकड्यांत नऊ कमी आणि दहा-अकरा जास्त असा उंचवटा तयार होतो, आणि कोणतेही गुळगुळीत वितरण तो दाखवीत नाही. तो आहे की नाही हे पाहण्याचा उपाय सोपा: नऊच्या आणि दहाच्या रात्री शेजारी शेजारी मांडून मोजाव्यात. सरासरी दहाच्या आसपास असताना दोन्ही गठ्ठे साधारण सारखे पडायला हवेत. दहाचा गठ्ठा दुप्पट निघाला, तर वरचे माझे सारे गणित त्या खेळाडूपुरते शक्यता कमी धरीत आहे असे समजावे, आणि प्रशिक्षक बदलला वा संघात दुसरा चेंडू-हाताळणारा आला की तो उंचवटा टिकला आहे का, हे पुन्हा मोजावे.