चित्रातली वेळ आणि धारांची वेळ

आमची भावकी आता एका वाड्यात मावत नाही. थोरले चुलते, म्हणजे आबा, आणि आम्ही राहाता तालुक्यात वस्तीवर राहतो. एक चुलतभाऊ पुण्यात आहे, चुलतबहीण लंडनला, आतेभाऊ न्यू जर्सीत, आणि धाकट्या चुलत्यांचा मुलगा मेलबर्नला शिकतो. सामाईक विहिरीची पाइपलाइन कोणाच्या बांधावरून न्यायची हा प्रश्न निघाला, तेव्हा सातबाऱ्याशी संबंध असलेल्या सर्वांनी फोनवर एकत्र बसावे असे ठरले. दिवस गुढीपाडव्याचा, रविवार ३० मार्च २०२५. पुण्याच्या दादाने फेब्रुवारीतच वेळ बदलून दाखवणाऱ्या कन्व्हर्टरचा स्क्रीनशॉट सर्वांना पाठवला. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा, लंडनला दुपारी एक, न्यू जर्सीत सकाळी आठ, मेलबर्नला मध्यरात्री बारा. आबा म्हणाले, "पोरी, तू कॉलेजात जातेस, तूच बघ हे बरोबर आहे का ते."

माझे स्पष्ट मत असे आहे की, स्क्रीनशॉट हे घड्याळ नव्हे, घड्याळाचा फोटो आहे. तो ज्या दिवशी काढला त्या दिवसाचेच त्यात खरे असते. आपले घड्याळ वर्षभर एकाच चालीने चालते, म्हणून ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. अमेरिका आणि इंग्लंड मात्र उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे सरकवतात, आणि तेही एकाच दिवशी नाही. २०२५ साली अमेरिकेने ते ९ मार्चला सरकवले, तर इंग्लंडने ३० मार्चच्या पहाटे, म्हणजे नेमके आमच्या पाडव्याला! तेव्हा फेब्रुवारीतले चित्र त्या दिवशी दोन्ही ठिकाणी एका तासाने चुकणार होते, आणि मार्चच्या मध्यावर काढलेले चित्र न्यू जर्सीपुरते बरोबर व लंडनपुरते चूक ठरले असते.

चूक झाली असती तर काय घडले असते? चित्रावर विसंबून ताई दुपारी एकला फोनवर आली असती, तेव्हा आमच्याकडे साडेपाच वाजलेले असते. तासभर वाट पाहून तिने म्हटले असते की गावाकडच्यांना वेळेची किंमत नाही. भावकीतले रुसवे याहून लहान कारणावरून वर्षानुवर्षे चालतात.

पडताळा घेणे अवघड नाही. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. न्यू जर्सी हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. या अर्ध्या तासामुळे आपल्याकडे साडेसहा असतील तर तिकडे पूर्ण तासच वाजलेला असला पाहिजे. तसा नसेल तर कुठेतरी गफलत आहे. कन्व्हर्टरमध्ये आजची नव्हे, बैठकीची तारीख घालावी. (त्यात आमचे गाव सापडायचे नाही, मुंबई किंवा कोलकाता निवडले तरी चालते, देशभर वेळ एकच आहे.)

पण तारीख बरोबर घातली तरी त्या चित्राशी माझे दुसरे भांडण आहे. कचेरीच्या वेळा त्यात हिरव्या रंगात होत्या, रात्र करडी. आमची संध्याकाळ कोणत्या रंगाची? साडेसहाला मी गोठ्यात धारा काढत असते आणि सातच्या आत दूध संकलन केंद्रावर पोचवावे लागते. कचेरी सुटलेल्या माणसाला ती वेळ मोकळी दिसते, कारण गाय कोणत्याच रकान्यात नाही. म्हणून मी साडेसात सुचवले. त्या दिवशी लंडनला दुपारचे तीन आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा, दोघांनाही सोयीचे.

राहिला मेलबर्न. तिथला उन्हाळी तास ६ एप्रिलपर्यंत चालू होता, त्यामुळे आमचे साडेसात म्हणजे त्याच्या सोमवारच्या पहाटेचा एक. दादा म्हणाला, "एक रात्र जागेल की, तरणा आहे." मला हे पटले नाही. पाइपलाइन त्याच्याच वडिलांच्या बांधावरून जायची होती. ज्याचे सर्वांत जास्त जायचे त्यानेच अर्धवट झोपेत होकार द्यायचा, हा कुठला न्याय? सकाळी दहाला बसावे तर त्याला दुपारचे साडेतीन, पण लंडनला पहाटेचे साडेपाच आणि न्यू जर्सीत रात्रीचे साडेबारा. पृथ्वी गोल आहे, तेव्हा सर्वांना सोयीची वेळ निघेनाच.

मग एकच बैठक हवी हा हट्ट कशासाठी? मी आबांना दोन बैठका सुचवल्या. शनिवारी दुपारी बारा वाजता, म्हणजे मेलबर्नच्या संध्याकाळी साडेपाचला, आबांनी आधी त्याच्याशी बोलावे आणि त्याचे म्हणणे रविवारी सर्वांना वाचून दाखवावे. आबांना ते पटले. दादा अजून कुरकुरतो. निरोप पाठवताना मी चित्र जोडलेच नाही. वार, तारीख, भारतीय वेळ आणि त्यापुढे प्रत्येकाच्या गावची वेळ वारासकट अक्षरांत लिहिली, मेलबर्नपुढे "सोमवार, पहाटे एक, तू झोप" असे.