ताप येतो नि जातो, पण कधी?

पावसाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेला माणूस सांगतो, "डॉक्टरसाहेब, चार दिवस झाले, ताप येतो नि जातो." एवढ्यावर डॉक्टरांनी काय ओळखायचे? त्यातून निघताना दुकानातली गोळी घेतलेली, म्हणजे तपासताना अंग गार!

आमचे म्हणणे असे, की पोराच्या जुन्या वहीत चार गोष्टी लिहाव्यात : वेळ, गोळीआधी थर्मामीटरने मोजलेला ताप, सोबत काय झाले, आणि कोणती गोळी किती वाजता घेतली. गोळीचे नाव वाचता येत नसेल तर रिकामे पाकीटच दाखवावे.

समजा, सोमवारी दुपारी चारला हुडहुडी भरली, पाचला ताप १०३, गोळी घेतली, रात्री आठला दरदरून घाम. मंगळवारी काहीच नाही, गडी शेतात गेला. बुधवारी चारला पुन्हा थंडी. असा दिवसाआड येणारा ताप दिसला की हिवतापाचा संशय बळावतो. म्हणूनच मंगळवारचे 'बरं वाटलं' हेही लिहायचे. मात्र सुरुवातीला हिवताप रोजसुद्धा येतो. निदान होते ते रक्ततपासणीनेच.

तेव्हा वही भरायची म्हणून घरी बसू नये. ताप आला की रक्त लगेच तपासून घ्यावे, नोंद चालू ठेवावी. धाप, सतत उलट्या, बरळणे किंवा लघवी कमी होणे दिसले, तर वही राहू द्या, आधी दवाखाना गाठा.