खात्यात आलेल्या पैशांची तीन नावे

हिंगोली जिल्ह्यात भाड्याने द्यायची इमारत म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो बाजारपेठेतला गाळा, नाहीतर वसमतच्या मोंढ्याजवळचे गोदाम. वीस मजली काचेची कचेरी येथे नाही, आणि नजीकच्या काळात होण्याची चिन्हेही नाहीत. तरीही अशा काचेच्या कचेऱ्यांचे भाडे आता कळमनुरी, औंढा, सेनगावच्या घरांत येऊ लागले आहे. येथली मुले पुण्याला खराडीत, हिंजवडीत नोकरीला लागतात आणि निवृत्त आईवडिलांच्या नावाने ‘रीट’चे युनिट घेऊन ठेवतात. रीट म्हणजे भाड्याच्या मोठ्या इमारतींची मालकी असणारा न्यास. त्याचे युनिट शेअरसारखे बाजारात मिळतात. देशातला पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल २०१९ मध्ये बाजारात नोंदला गेला आणि २०२५ अखेरपर्यंत असे पाच मोठे रीट झाले. २०२१ पासून एक युनिटसुद्धा घेता येते, त्यामुळे हा केवळ श्रीमंतांचा विषय राहिलेला नाही. माइंडस्पेस रीटच्या मालमत्तेत खराडीचे आणि येरवड्याचे संकुल आहे. म्हणजे मुलगा ज्या इमारतीत काम करतो, तिच्याच भाड्याचा एक कण वडिलांच्या पासबुकात येऊन पडतो, असेही घडू शकते.

पासबुकात नोंद एकच दिसते किंवा दोन-तीन तुटक नोंदी दिसतात, आणि घरात त्याला सरसकट ‘व्याज आले’ असे म्हटले जाते. मी आयुष्यभर बँकेत काढले, आणि येथे मला थांबावेसे वाटते. या रकमेत व्याज असते, लाभांश असतो आणि तिसरे काहीतरी असते, ज्याला उत्पन्न म्हणता येत नाही. ती भांडवलाची परतफेड असते. तिन्हींवरचा कर निराळा आहे. शिवाय तिसऱ्या भागाचा हिशेब ज्या दिवशी पैसे येतात त्या दिवशी होत नाही. तो युनिट विकायच्या दिवशी होतो, आणि तोवर तो लक्षात ठेवण्याची जबाबदारी धारकाची असते.

हे तीन भाग निर्माण कसे होतात, ते आधी पाहू. रीट सहसा इमारत थेट आपल्या नावावर घेत नाही. इमारत एका कंपनीच्या नावावर असते आणि रीट त्या कंपनीचा मालक असतो. लोकांकडून जमवलेले पैसे रीट या कंपनीत काही भागभांडवल म्हणून घालतो आणि काही कर्ज म्हणून देतो. कंपनीला भाडे मिळाले की त्यातून ती रीटला कर्जाचे व्याज देते. हा पहिला भाग. उरलेल्या नफ्यावर कंपनी स्वतःचा कर भरते आणि मग लाभांश देते. हा दुसरा भाग. आता खुबी अशी, की कंपनीच्या हिशेबात इमारतीचा घसाराही खर्च म्हणून धरलेला असतो. घसारा कागदावरच असतो, त्यासाठी तिजोरीतून पैसा बाहेर जात नाही. त्यामुळे नफ्यापेक्षा रोकड जास्त उरते. ही जादा रोकड लाभांश म्हणून वाटता येत नाही, म्हणून कंपनी त्यातून रीटच्या कर्जाचे मुद्दल फेडते. रीटला आपल्या वाटपयोग्य रोकडीपैकी किमान ९० टक्के धारकांना द्यावीच लागते, म्हणून हे फेडलेले मुद्दलही धारकांपर्यंत पोचते. हा तिसरा भाग. त्यासाठी एकही इमारत विकावी लागत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आता कर. व्याजावर कंपनीने कर भरलेला नसतो, कारण तिच्या दृष्टीने तो खर्च आहे. रीटही त्यावर भरत नाही. म्हणून तो धारकाच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि त्याच्या टप्प्यानुसार कर लागतो. देतानाच १० टक्के कपात होते. १९६१ च्या कायद्यात या कपातीला किमान मर्यादा नव्हती, आणि मुदत ठेवीच्या व्याजासाठी चालणारे १५-जी वा १५-एच फॉर्मही येथे चालत नव्हते. त्यामुळे करपात्र नसलेल्या निवृत्त शिक्षकाचेही पैसे कापले जातात आणि विवरणपत्र भरल्यावाचून परत मिळत नाहीत.

लाभांशाचे उत्तर इमारतीच्या कंपनीवर अवलंबून आहे. कंपनीने जुन्या, जास्त दराने कर भरला असेल तर तो लाभांश धारकाला करमुक्त असतो. तिने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर स्वीकारला असेल तर मात्र तो धारकाच्या हाती करपात्र होतो. ही अट २०२० च्या अर्थसंकल्पापासून आहे. याचा अर्थ असा, की कंपनीने मधल्या काळात कराची वाट बदलली तर पासबुकातला आकडा तसाच राहून त्यावरचा कर बदलू शकतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या मुलाला हा फरक जाणवेल. बारा लाखांच्या आत उत्पन्न असून नव्या करप्रणालीत असलेल्या वडिलांना कदाचित जाणवणारही नाही.

खरा वाद झाला तो तिसऱ्या भागावर. २०२३ पर्यंत परतफेडीवर कोणाच्याच हाती कर लागत नव्हता. रीटच्या दृष्टीने ती कर्जाची वसुली होती आणि धारकाच्या उत्पन्नातही तिला जागा नव्हती. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारने म्हटले, की दोन्ही बाजूंनी कर सुटावा असा आमचा हेतू नव्हता. म्हणून ही रक्कम ‘इतर उत्पन्न’ धरून टप्प्यानुसार कर लावण्याचा प्रस्ताव आला. सरकारच्या तक्रारीत तथ्य होते, पण उपाय चुकीचा होता. मी कोणाला लाख रुपये दिले आणि त्याने त्यातले दहा हजार परत केले, तर ते दहा हजार माझी कमाई होत नाही. हळदीचा शेतकरी हे कोणी न सांगता जाणतो. काढणीनंतर तो बेणे बाजूला ठेवतो, आणि बेण्याचा ढीग पाहून यंदा पीक वाढले असे म्हणत नाही.

रीटवाल्यांनी बाजू मांडली आणि २४ मार्च २०२३ रोजी लोकसभेत वित्त विधेयक मंजूर होताना हे कलम सुधारले गेले. नवा नियम असा झाला, की परतफेडीची रक्कम धारकाच्या खरेदी किमतीतून वजा करायची. ज्या किमतीला रीटने युनिट प्रथम विक्रीस काढले, तिच्यापेक्षा आजवरची एकूण परतफेड जास्त झाली, तरच वरची रक्कम उत्पन्न धरायची. ही बेरीज युनिटच्या जन्मापासून चालते. मधल्या काळात ते कोणाकोणाच्या हातात होते याला महत्त्व नाही. म्हणजे बाजारातून युनिट घेणारा आधीच्या मालकाची बेरीजही सोबत घेतो. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रीटने युनिट ३०० रुपयांना काढले होते. आपल्या जिल्ह्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी ते बाजारात ३८० रुपयांना, असे १,००० युनिट घेतले. गुंतवणूक ३,८०,००० रुपये. तोवर आधीच्या धारकांना दर युनिटमागे ४० रुपये परतफेड मिळालेली होती. यांना वर्षाला दर युनिट २० रुपये मिळतात : व्याज ८, करमुक्त लाभांश ५, परतफेड ७. म्हणजे हाती २०,००० येतात. त्यांपैकी ८,००० व्याज आणि त्यावर ८०० ची कपात. ५,००० लाभांश. उरलेले ७,००० परतफेड.

पाच वर्षे गेली. परतफेडीचे ३५,००० झाले. युनिटच्या जन्मापासूनची बेरीज ४० अधिक ३५, म्हणजे ७५ रुपये झाली. ३०० पासून ती फार दूर आहे, म्हणून त्या पैशांवर ‘इतर उत्पन्न’ म्हणून कर नाही. मग त्यांनी युनिट ३९० ला विकले आणि ३,९०,००० आले. गृहस्थ म्हणतील, दहा हजारांचा नफा झाला. कायदा म्हणेल, तुमची खरेदी आता ३,८०,००० ची नाही. ती ३,४५,००० ची आहे, म्हणून नफा ४५,०००. युनिट वर्षाहून अधिक काळ ठेवलेले असल्याने हा दीर्घकालीन नफा झाला. जुलै २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे शेअर आणि अशा युनिटांचा वर्षातला एकूण सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा सुटतो, वर साडेबारा टक्के. गृहस्थांना दुसरा नफा नसेल तर कर शून्य. त्यांनी त्याच वर्षी अन्य शेअर विकून सव्वा लाखाची सूट संपवली असेल, तर विसरलेल्या ३५,००० वर ४,३७५ रुपये आणि त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे एकूण ४,५५० भरावे लागतील. बारा लाखांच्या आतल्या उत्पन्नाला मिळणारी सवलत या नफ्यावरच्या कराला लागू नाही, हेही लक्षात असू द्यावे.

रक्कम मोठी नाही. पण ती निसटते कशी, ते पाहण्यासारखे आहे. ब्रोकरच्या विवरणात बहुधा मूळ ३८० हाच आकडा असतो. परतफेडीवर कपात नसल्याने करखात्याच्या कपातीच्या तक्त्यात तिची खूण शोधून सापडत नाही. ती सापडते प्रत्येक वाटपाबरोबर रीट पाठवतो त्या पत्रात आणि वर्ष संपल्यावर मिळणाऱ्या विवरणात. जुन्या कायद्यात त्याचे नाव ‘फॉर्म ६४बी’ होते. त्यात ‘कर्जाची परतफेड’ किंवा ‘एसपीव्ही कर्जाची फेड’ अशा नावाची ओळ असते. एका वहीत दर वाटपाची तारीख आणि ती एक ओळ लिहून ठेवली की काम भागते. विवरणपत्र साध्या आयटीआर-१ वर भरण्याचाही मोह टाळावा. रीटचे उत्पन्न दाखवण्याचा स्वतंत्र तक्ता त्यात नव्हता, तो आयटीआर-२ मध्ये होता.

आता कराच्या पलीकडचा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वरच्या गृहस्थांना ३८० वर २० रुपये मिळतात, म्हणजे सव्वापाच टक्के. पण ७ रुपये बाजूला काढले तर उरतात १३, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. मुदत ठेवीत व्याज घेऊन मुद्दल जागेवर राहते. येथे दरवर्षी मुद्दलाचा एक तुकडा ‘उत्पन्ना’च्या वेषात घरी येतो आणि किराण्यात खर्च होतो. याची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. परतफेड हे नाव कायद्याने दिले आहे, इमारतीने दिलेले नाही. घसारा कागदावर होत असताना खराडीच्या जागेचा भाव वाढतही असेल, आणि तसे झाले तर युनिटची किंमत ती झीज भरून काढील. ते खरोखर होते की नाही, हे पाहायला रीट मालमत्तेचे मूल्यांकन नियमाने जाहीर करतात. वाटपाचा आकडा पाहून खूश होण्याआधी ते मूल्य दरवर्षी टिकते की घसरते, एवढे पाहावे.

दोन रीट वर्षाला सारखेच वीस रुपये देत असतील, तरी ते सारखे नसतात. एकात पंधरा रुपये करमुक्त लाभांश असेल, दुसऱ्यात पंधरा रुपये व्याज. तीस टक्क्यांचा कर भरणाऱ्या मुलाला पहिला बरा, करमुक्त उत्पन्न असलेल्या आईला दोन्ही जवळपास सारखे. म्हणून कोणाच्या नावाने घ्यायचे, हा प्रश्न किती मिळते या प्रश्नाइतकाच विचारण्याजोगा आहे. आणि आईच्या नावाने घेतले, तर ती एका ओळीची वहीही तिच्याजवळ ठेवून, ती कशासाठी आहे हे तिला सांगून यावे. युनिट विकण्याची वेळ येईल तेव्हा मुलगा कदाचित दुसऱ्याच गावी असेल.