घरची शाळा : आधी दुसरी वेलांटी, मग पहिली

आमच्या एका वाचक भगिनींनी पत्राने विचारले आहे की, "मुलगा सहाव्या वर्षात आहे. बाराखडी खडखडीत म्हणतो; परंतु 'माती' हा शब्द दाखविला की गप्प होतो. त्याला घरी मराठी वाचावयास कसे शिकवावे?" शाळेत हिंदी आणि घरात मराठी असा व्यवहार असलेल्या इंदूरसारख्या गावी हा प्रश्न अनेक घरांतून उभा राहतो. म्हणून या महिन्याचे हे पान आम्ही त्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रथम एक लहानशी परीक्षा घ्यावी. कोऱ्या कागदावर 'कू' हे एकच अक्षर लिहून मुलापुढे ठेवावे. मूल जर ओठांतल्या ओठांत 'क, का, कि, की' असे म्हणत त्या जागेपर्यंत येऊन पोचत असेल, तर ते वाचीत नाही, मोजीत आहे, असे समजावे. बाराखडी ही पाठांतराची माळ आहे. तिच्यातील क्रम उच्चारशास्त्राला धरून, ऱ्हस्वामागे दीर्घ असा लावलेला आहे. वाचनाचा क्रम मात्र दोन गोष्टींवर ठरतो : कोणते चिन्ह डोळ्यांना सोपे, आणि कोणत्या चिन्हाने मुलाच्या ओळखीचे छोटे शब्द तयार होतात. या दोन्ही कसोट्या लावल्या की बाराखडीत तिसरी येणारी पहिली वेलांटी वाचनात पुष्कळ मागे जाते.

याचे कारण आपल्या शुद्धलेखनातच आहे. १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांप्रमाणे मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावयाचा असतो : माती, काकू, कवी. शब्द अकारान्त असेल, तर त्यातील शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार-उकारही दीर्घ असतो : तीळ, वीट, गूळ, दूध. म्हणजे मुलाने वाचावयाच्या दोन अक्षरी मराठी शब्दांत जिकडेतिकडे दुसरी वेलांटी आणि दुसरा उकारच भेटतात. ऱ्हस्व चिन्ह येते ते बहुधा पुढच्या अक्षराला दुसरे एखादे स्वरचिन्ह लागलेले असेल तेव्हा : विळा, निळी, मुळा, गुरे. यांतील कोणताही शब्द वाचावयास एकाच वेळी दोन चिन्हे ठाऊक हवीत. सुख, गुण, विष यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत. ते सर्व तक्ते झाल्यावर द्यावेत.

हिंदीची गोष्ट निराळी आहे. तेथे दिन, फिर, सिर, मिल असे ऱ्हस्व इकाराचे दोन अक्षरी शब्द प्रारंभापासून हाताशी असतात, आणि 'फूल'चे 'फूलों' झाले तरी उकार दीर्घच राहतो. मराठीत 'फूल'चे 'फुले' होते. म्हणून शाळेतील हिंदी पुस्तकाचा चिन्हक्रम उचलून मराठीला लावला, तर पहिल्या वेलांटीच्या धड्यासाठी शब्दच सापडत नाहीत, आणि मग 'तिळ', 'विट' असे चुकीचे शब्द मुलापुढे ठेवले जातात.

आता तक्ते. आरंभाला आठच अक्षरे घ्यावीत : क, ग, त, न, म, र, व, ळ. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य या दिसावयास जवळच्या जोड्या आहेत. त्यांतील दोन्ही अक्षरे एकदम देऊ नयेत. च, ज आणि झ ही अक्षरेही तूर्त बाजूला ठेवावीत. कारण 'चार' आणि 'चारा' यांत च एकच लिहिला तरी उच्चार दोन होतात. ळ मात्र मुद्दाम घेतला आहे. हिंदी पाठ्यपुस्तकात तो भेटत नाही, आणि आपल्या मुलांच्या तोंडी 'नळ'चा 'नल' होतो तो येथेच सुधारतो.

एका तक्त्यावर एकच नवे चिन्ह असावे. पहिल्यावर एकही नसावे. आम्ही लावलेला क्रम असा आहे :

१. चिन्हाविना : वर, नळ, मग, कर, गवत, कमळ, मगर
२. काना : नाक, कान, गाव, ताक, मामा, वारा, मका, काळा
३. दुसरी वेलांटी : मी, ती, तीन, तीळ, माती, मामी, काळी, नवी
४. दुसरा उकार : तू, मूग, गूळ, तूर, काकू, नातू, वाळू
५. मात्रा : ते, ने, वेळ, केर, केळी, मेवा, तेरा, नवे
६. काना-मात्रा : तो, मोर, मोती, गोळी, कोरा, गोवा
७. पहिली वेलांटी : किती, विळा, निळा, मिरी, तिने
८. पहिला उकार : मुळा, तुरा, गुरे, मुका, तुती

काना-मात्रा सहावी आली, कारण तिचे दोन्ही अवयव मुलाने तोवर पाहिलेले असतात. दोन मात्रा आणि काना-दोन मात्रा यांचे सोपे शब्द थोडे. शिवाय 'पैसा' हा शब्द हिंदीत एका स्वराने आणि मराठीत 'पइसा' असा म्हटला जातो. ती चिन्हे, अनुस्वार आणि जोडाक्षरे या आठांनंतर घ्यावीत. नवी अक्षरे वाढवावयाची तीही आठवा तक्ता पचल्यावर. र ला उकार लागला की तो पायाशी न बसता कुशीत बसतो. म्हणून 'रू' आणि 'रु' चौथ्या व आठव्या तक्त्यांत आम्ही घेतलेले नाहीत.

अक्षरे जोडावयाची कशी, हे दुसऱ्या तक्त्यावरील 'नाक' या शब्दावर पाहू. 'न ला काना ना, क, नाक' असे म्हणवून घेऊ नये. त्या घोषात शब्द हरवतो. मुलाचे बोट 'ना'खाली ठेवून स्वर लांबवावा, 'नाऽऽऽ', आणि आवाज न तोडता बोट 'क'कडे सरकवावे. पाठात आपण 'क' पूर्ण म्हणतो. शब्दाच्या शेवटी मात्र त्यातील अ गिळला जातो. मूल 'ना-क-अ' म्हणू लागले, तर समजावून सांगत बसू नये. आपण एकदा 'नाक' म्हणून आपल्या नाकाला बोट लावावे आणि पुढच्या शब्दाकडे जावे. 'कान', 'ताक', 'गाव' असे चार शब्द झाले की शेवटचे अक्षर आखूड म्हणावयाचे, हे त्याचे कानच ठरवितात. 'नवरा', 'वेगळा', 'कोवळा' यांत मधल्या अक्षराचा अ लोपतो. असे शब्द पहिल्या आठ तक्त्यांत घालू नयेत.

तक्त्यावर चित्र नसावे. चित्र असले की मूल चित्राचे नाव सांगते. 'काकी' असे लिहिलेले असताना मूल 'मामी' म्हणाले, तर ते शेवटची वेलांटी पाहून अंदाज करीत आहे. खात्री करून घेण्यासाठी प्रत्येक तक्त्याच्या तळाशी दोन निरर्थक शब्द लिहावेत. तिसऱ्या तक्त्यावर 'नीमा', 'गाती' यांसारखे नव्हे, कारण नीमा हे नाव आहे आणि गाती क्रियापद आहे, तर 'मीका', 'तीगा' असे. ते ज्याला वाचता आले त्याला चिन्ह आले. शेवटी एक वाक्य द्यावे, आणि त्यात न शिकविलेले चिन्ह एकही नसावे. दुसऱ्यावर "काका, काम करा." तिसऱ्यावर "ती माती काळी." पाचव्यावर "काकू, गूळ ने."

आता सातवा तक्ता, जेथे बहुतेक मुले अडतात. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या डावीकडे आणि ऐकू येते अक्षरानंतर. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या बोटाला आधी दांडी लागते आणि मूल थबकते. शब्दाच्या मध्यभागी तर ती मागच्या अक्षराला चिकटल्यासारखी दिसते. म्हणून 'कविता' हा शब्द मुले 'कीवता' असा वाचतात. अशी चूक कानी आली, तर मुलाला चिन्ह ठाऊक आहे, ते कोणाचे हे ठाऊक नाही, असा तिचा अर्थ होतो.

यासाठी हा तक्ता दोन भागांत करावा. पहिल्या भागात वेलांटी केवळ शब्दारंभी असावी : किती, विळा, निळा, मिरी. तेथे मागे चिकटावयाला अक्षरच नसते. वेलांटीची वरची कमान ज्या अक्षराच्या डोक्यावर उतरते त्यावर मुलाने बोट ठेवावे आणि तेथूनच वाचन सुरू करावे. हे शब्द उलटसुलट विचारूनही न अडखळता आले, म्हणजे दुसरा भाग काढावा : कविता, रविवार. 'रविवार' लिहिताना कागदावर प्रत्येक अक्षराच्या त्याच्या चिन्हासह एक घर आखावे, र । वि । वा । र, आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द घरांवाचून द्यावा. शेजारी 'रवी' लिहावे. एकटा रवी दीर्घ आणि वाराला जोडला की ऱ्हस्व, हे मूल पाहते. नियम सांगण्याची घाई नको.

सातव्या-आठव्या तक्त्याखाली आणखी एक ओळ घालावी : तीळ, तिळात, गूळ, गुळात, मूग, मुगात. ही मुले शाळेत ज्या भाषेत वाचतात तीत असा बदल होत नाही. मराठीत तो पावलोपावली होतो. येथे वाचतानाच तो डोळ्यांत बसला, तर पुढे लिहिताना 'गूळात' होत नाही. 'आणि' हा शब्द मात्र शेवटी ऱ्हस्व लिहिला जातो. तो नित्याचा असल्यामुळे अख्खा ओळखावयास शिकवावा.

एका बैठकीला दहा मिनिटे पुरेत. तक्त्यावरील शब्द मागून पुढे, मधून कोठूनही विचारले तरी एखाददुसराच अडला, म्हणजे पुढचा तक्ता काढावा. तीन-चार शब्द अडत असतील, तर मागचा तक्ता पुन्हा घ्यावा. नवा घेऊ नये. मूल 'वेळ' वाचताना मात्रा गाळून 'वळ' म्हणत असेल, तर त्याला पाचवा नव्हे, दुसरा तक्ता पुन्हा हवा असतो. कारण अक्षराबरोबर त्याचे चिन्हही पाहावयाचे, ही सवय कान्यापाशी लागते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या चिरंजीवांची अक्षरओळख पक्की दिसते. त्यांनी पहिला तक्ता दोन दिवसांत आटोपावा आणि दुसऱ्यावर मात्र आठवडाभर थांबावे. 'माती' त्यांना तिसऱ्या तक्त्यावर भेटेल. अनुस्वाराचा तक्ता, म्हणजे 'आंबा' आणि 'अंगण' यांतील टिंब दोन तऱ्हांनी का म्हटले जाते, हे पुढील अंकी पाहू.