शेजारचा विस्तव

डिसेंबर लागला की गावोगावच्या शाळांत स्नेहसंमेलनाचे मांडव उभे राहतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि अहवालवाचन झाले की मुख्याध्यापक बोलायला उठतात. समोर पालक, शेजारी प्रमुख पाहुणे आणि पडद्यामागे रंगरंगोटी करून ताटकळलेली बालवाडीची मुले. या पाच-सात मिनिटांत मराठी भाषणाला एखाद्या इंग्रजी वचनाची जोड हमखास असते. त्यात गैर काही नाही. फक्त ते वचन कोणाचे आणि कशासाठी, हे बोलणाऱ्याला ठाऊक असावे.

'एव्हरीबडी इज अ जीनियस' म्हणत झाडावर चढू न शकणाऱ्या माशाची गोष्ट आइन्स्टाइनच्या नावावर सांगितली जाते. त्यांनी असे म्हटल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. दुसरे आवडते वचन, 'एज्युकेशन इज नॉट द फिलिंग ऑफ अ पेल, बट द लायटिंग ऑफ अ फायर'. शिक्षण म्हणजे बादली भरणे नव्हे, आग चेतवणे. हे कवी यीट्सच्या नावावर खपते, पण त्याचे मूळ ग्रीक लेखक प्लुटार्क याच्याकडे जाते, म्हणजे सुमारे 1900 वर्षे मागे.

मूळ पाहिले की नुसते नाव बदलत नाही, अर्थही बदलतो. प्लुटार्कचा तो निबंध व्याख्यान कसे ऐकावे याविषयी, एका तरुणाला उद्देशून आहे. मन हे भरायचे भांडे नसून पेटवायचे सरपण आहे, असे सांगून तो पुढे एक दृष्टांत देतो. एक माणूस शेजाऱ्याकडे विस्तव मागायला जातो, तिथली धगधगती आग पाहतो आणि तिथेच शेकत बसतो. स्वतःची चूल पेटवायचे विसरूनच जातो. गुरूचे बोलणे नुसते ऐकत राहणारा विद्यार्थी असाच, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे काड्यापेटी घरोघरी येण्याआधी गोवरीवर विस्तव आणायला शेजारी जात, हे ऐकलेल्या आजीला हा दृष्टांत इंग्रजीशिवाय कळेल. बादलीच्या वचनात शिक्षकाचे कौतुक होते. विस्तवाच्या दृष्टांतात मुलाने घरी नेलेल्या निखाऱ्याची विचारपूस होते. मनोगतात हीच विचारपूस यायला हवी.

समजा, शाळेच्या परसबागेतली मेथी पोषण आहारात वापरली गेली आणि ते पाहून एका मुलीने घराच्या ओट्यावर डब्यांत मेथी लावली. इंग्रजी वाक्य एकदा म्हणावे, लगेच मराठीत सांगावे आणि मग या डब्यांविषयी दोन मिनिटे बोलावे. पाहुण्यांना शाळा कळते, पालकांना आपले मूल दिसते. असा एकही प्रसंग आठवत नसेल, तर ते वचन गाळावे.

मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे, यंदा भाषणाच्या कागदावर प्रत्येक वचनाखाली दोन गोष्टी लिहा: ते मुळात कोणाचे, आणि आपल्या शाळेतल्या कोणत्या मुलाचे.