बाळ, दुचाकी आणि नऊ महिन्यांची रेघ

इंदुरात 1 ऑगस्ट 2025 पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही, असा आदेश निघाला तेव्हा आपल्याकडे घरोघरी त्याचीच चर्चा होती. पंपावरचा माणूस पाहतो ते चालवणाऱ्याचे डोके. मागे आईच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले बाळ असले, तर त्याच्याविषयी कोणी काही विचारत नाही. दवाखाना दोन किलोमीटरवर, आजोळ त्याहून जवळ, मग एवढ्यासाठी रिक्षा कशाला, हा हिशेब आपल्या बहुतेक घरांत होतो.

कायदा मात्र बाळाविषयी बोलतो. केंद्राने 15 फेब्रुवारी 2022 रोजी काढलेला नियम वर्षभराने लागू झाला. त्यानुसार चार वर्षांखालील मूल दुचाकीवर असेल तर त्याला पट्ट्यांच्या जाकिटाने चालवणाऱ्याशी बांधायचे, वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट घालायचे. शिवाय दुचाकीवर चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस बसू शकतो आणि त्यात वयाची सूट नाही. म्हणजे आई, बाबा आणि मध्ये बाळ, हे आपल्या ओळखीचे चित्र मुळातच नियमाबाहेर आहे.

नऊ महिन्यांखालच्या बाळाचे काय? हेल्मेटची सक्ती त्याला नाही. काहीजण याचा अर्थ सवलत असा घेतात. आम्हाला तो उलटा दिसतो. एवढ्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि मान कोवळी असते. हेल्मेटचे वजन त्या मानेला पेलवत नाही, आणि हेल्मेटशिवाय डोके उघडे राहते. जाकिटाची रचनाही बसू शकणाऱ्या मुलासाठीच आहे: मूल सीटवर बसते, पट्टे त्याच्या पायांमधून जातात, आणि खांद्याचे फासे चालवणारा घालतो. तीन महिन्यांचे बाळ त्यात बसणार कसे?

"मी घट्ट धरते ना," असे आई म्हणते, आणि तिच्या हातांवर आपला विश्वासही असतो. जरा गणित मांडून पाहू. सहा-सात महिन्यांचे बाळ सात किलोचे धरू. स्कूटर ताशी 25 किलोमीटरने, म्हणजे गल्लीतल्या वेगाने चालली आहे. समोर गाय आली किंवा कोणी गाडीचे दार उघडले, आणि स्कूटर धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. तेवढ्या क्षणापुरते त्या बाळाला धरून ठेवायला सुमारे 50 किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. ताशी 40 ला तो 80 किलोपर्यंत जातो. तोही अचानक, एका हाताने, कारण दुसरा हात सीटच्या कडीला असतो. एका बाजूला पाय सोडून, साडी सावरत बसलेल्या आईचा तोल तर आधीच अर्धा असतो. बाळाला झोळीत घालून चालवणाऱ्याच्या छातीशी बांधणे हा काही घरांतला उपाय तर आणखी वाईट, कारण धडक बसली की हँडल आणि मोठ्या माणसाचे अंग यांच्यात बाळ चेंगरते.

आता या काळात टाळता न येणाऱ्या फेऱ्या किती, ते मोजू. सरकारी लसीकरणात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी, मग नववा महिना. म्हणजे नऊ महिन्यांपर्यंत चार फेऱ्या. आजारपण आणि आजोळ धरले तरी एवढ्यांचे रिक्षाभाडे डोईजड होऊ नये. खरी अडचण आहे ती रोज पाळणाघरात बाळ सोडणाऱ्या आईची. तिला दोन किलोमीटरसाठी रोज दोन्ही वेळचे भाडे परवडेलच असे नाही. तिच्यासाठी थोडे महाग असले तरी चालत जाण्याच्या अंतरावरचे पाळणाघर, किंवा त्याच रस्त्याने जाणाऱ्या दुसऱ्या घराबरोबर महिन्याने ठरवलेली रिक्षा, हेच मार्ग आम्हाला दिसतात.

रिक्षातही बाळाला धडकेपासून पूर्ण संरक्षण नाही, पण पडण्याचा धोका बराच कमी होतो. मागच्या सीटच्या मधोमध बसावे, पिशव्या कडेला ठेवाव्यात, चालकाच्या शेजारी कधीच बसू नये. हलकी ई-रिक्षा खड्ड्यात कलंडू शकते, तेव्हा साधी रिक्षा बरी. बाळाला छातीशी बांधायचे तर त्याचा चेहरा दिसत राहावा आणि हनुवटी छातीला टेकू नये, नाहीतर श्वास कोंडतो. घरात मोटार असेल तर मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची बाळाची खुर्ची सर्वांत चांगली. मोटारीतही मांडी कामाची नाही, गणित तेच राहते.

नऊ महिन्यांनंतर मूल आधाराशिवाय नीट बसते का आणि हेल्मेट घालून मान सरळ राहते का, हे आधी घरात पाहावे. हेल्मेट दोन वर्षांनी होईल म्हणून मोठे घेऊ नये. पट्टा लावून हलवल्यावर ते कपाळावर घसरले, तर ते माप चुकीचे.